कर्ती माणसे आणि कामाच्या जागा
(संस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आपला देश तरुणांचा देश आहे आणि हे तारुण्य हीच आपली संपत्ती आहे, असे वाक्य अलीकडे वृत्तपत्रांतून आणि सभांतून वारंवार कानी पडते. या संपत्तीस अर्थशास्त्रज्ञांनी 'लोकसंख्येचा लाभांश' असे नाव दिले आहे. ब्लूम, कॅनिंग आणि सेव्हिला या तीन विद्वानांनी २००३ साली याच नावाचा एक ग्रंथ प्रसिद्ध केला व तेव्हापासून हा शब्द सर्वतोमुखी झाला. आपल्यापैकी ज्यांच्यापाशी एखाद्या कंपनीचे चार भाग असतील त्यांस लाभांश म्हणजे काय ते सांगावयास नको. भाग हाती आहेत एवढ्याने लाभांश मिळत नाही. कंपनीस नफा झाला तरच तो वाटला जातो. शब्द निवडणारांनी तो फार चपखल निवडला, परंतु तो वापरणारे ही अट मात्र सोयीस्करपणे विसरतात. त्या अटीचाच विचार आज आम्ही आपल्यापुढे मांडणार आहोत.

प्रथम हिशेब समजून घेऊ. शंभर माणसांचे एक गाव कल्पावे. त्यात पंधरा वर्षांखालील मुले ४२, पासष्टी उलटलेली माणसे ३ आणि मधल्या, म्हणजे कर्त्या वयाची माणसे ५५. या कर्त्या वयाच्या माणसांपैकी शेकडा ६० प्रत्यक्ष कामावर आहेत असे धरले, तर ३३ माणसे शंभरांचा संसार चालवितात. पुढे गावात आरोग्य सुधारले, मुले जगू लागली, आणि काही काळाने घरोघर सहा मुलांच्या जागी दोन-तीनच होऊ लागली. तीस वर्षांनी त्याच गावात दर शंभर माणसांत मुले २६, वृद्ध ५ आणि कर्त्या वयाची माणसे ६९ अशी वाटणी झाली. यांतीलही शेकडा ६० कामावर असतील तर कमावते हात ३३ वरून ४१ वर गेले. एकेकाची कमाई पूर्वीइतकीच राहिली तरी गावाचे दरडोई उत्पन्न सुमारे चौथ्या हिश्शाने वाढले. लाभांश म्हणतात तो हाच. शिवाय घरात खाणारी तोंडे कमी झाल्याने शिल्लक पडू लागते आणि त्या शिलकीतून नवी विहीर, नवे यंत्र, मुलांचे पुढचे शिक्षण अशा गोष्टी होतात. दोनच मुले असलेली आई लवकर मोकळी होते व तीही कामास लागू शकते. हा दुसरा लाभ पहिल्याहून मोठा ठरू शकतो.

आता याच हिशेबात एकच आकडा बदलून पाहू. गावात काम आहे ते ३३ जणांपुरतेच आहे असे समजा. कर्त्या वयाची माणसे ६९ झाली, पण कामावर गेली ३३च. मग दरडोई उत्पन्नात काय फरक पडला? काहीच नाही. पूर्वी ती ३३ माणसे लहान मुलांस पोसत होती, आता त्याच कमाईवर वाढलेल्या मुलांस पोसू लागली, इतकेच. पाळण्यातले मूल एक वाटीभर दुधावर राजी असते. बावीस वर्षांचा शिकलेला मुलगा तेवढ्यावर राजी राहत नाही.

तिसरा प्रकार सर्वांत फसवा आहे. काम ३३ जणांपुरतेच आहे, परंतु घरी बसून खाण्याची ऐपत कोणासच नाही. म्हणून ४१ जण त्याच शेतात उतरले. गणती करणारा येतो आणि ४१ माणसे कामावर आहेत असे लिहून घेतो. कोठारात धान्य मात्र पूर्वीइतकेच पडते. आमच्या कॉलेजच्या दिवसांत अर्थशास्त्राच्या पुस्तकांतून यास प्रच्छन्न बेकारी म्हणत. गरीब देशात बेकारीचा आकडा लहान दिसतो त्याचे एक मोठे कारण हे आहे. बेकार राहण्यासही पदरी काही असावे लागते.

कोणी म्हणेल की, माणूस येतो तो तोंडाबरोबर दोन हातही घेऊन येतो. वाढलेली माणसे कापड मागतील, घरे मागतील, आणि त्यातूनच कामे निर्माण होतील. हे अर्धे खरे आहे. मागणी करावयास खिशात पैसा लागतो, आणि पैसा यावयास आधी काम लागते. दुसरे असे की, हातांना काम द्यावयाचे तर त्यांच्यापुढे माग, लेथ, वीज, छप्पर आणि माल नेणारा रस्ता यांपैकी काहीतरी असावे लागते. माणसे आपोआप वाढतात; या वस्तू कोणीतरी आधी पैसा गुंतविल्यावाचून वाढत नाहीत. हे कोडे ज्यांनी सोडविले त्यांची हकीगत पाहिली म्हणजे त्यातली अडचण ध्यानात येते.

आम्ही जे गाव कल्पिले त्याचे आकडे मनचे नव्हते. दक्षिण कोरिया या देशात १९६० साली व १९९० साली लोकसंख्येची वाटणी जवळजवळ अशीच होती. पण खरे गाव शंभरांचे शंभरच राहत नाही. त्या देशाची वस्ती १९६० साली अडीच कोटी होती, ती १९९० साली सुमारे ४ कोटी ३० लाख झाली. म्हणजे कर्त्या वयाची माणसे १ कोटी ३८ लाखांच्या आसपास होती, ती तीन कोटींच्या घरात गेली. तीस वर्षांत दीड कोटीहून अधिक माणसे कर्त्या वयाच्या रांगेत नव्याने उभी राहिली, दरसाल पाच लाख! लढाईने उद्ध्वस्त झालेल्या आणि खनिजसंपत्ती बेताचीच असलेल्या त्या लहानशा देशास एवढ्या जागा कोठून काढता आल्या, हा खरा प्रश्न आहे.

आरंभी त्या निघत नव्हत्याच. १९६३ साली तेथे शेकडा ८ कामकरी बेकार होते आणि कामावर असलेल्यांपैकी शेकडा ६३ शेतीत गुंतलेले होते. त्याच वर्षापासून कोरियाचे तरुण पश्चिम जर्मनीतील कोळशाच्या खाणींत आणि पुढे तरुणी तेथील रुग्णालयांत परिचारिका म्हणून धाडल्या जाऊ लागल्या. आपल्या कोकणातील घरे मुंबईच्या गिरणीतून येणाऱ्या मनिऑर्डरीवर जशी चालत, तशीच त्या तरुणांच्या पगारावर कोरियातील कित्येक घरे चालली. तथापि एवढी माणसे परदेशी धाडून भागणारे नव्हते. देशातील लोकांचे खिसे रिकामे, तेव्हा त्यांच्यासाठी माल करून तो खपणार कोणास? म्हणून ज्यांचे खिसे भरलेले आहेत अशा परक्या देशांस विकावयाचा माल काढावयाचे सरकारने ठरविले. आणि माल कसला? प्लायवूड, कापड, शिवलेले कपडे, पादत्राणे, आणि माणसांच्या केसांचे टोप! ऐकणारास हसू येईल, पण निवड विचारपूर्वक होती. या वस्तूंस यंत्रसामग्री थोडी लागते, हात पुष्कळ लागतात आणि प्राथमिक शाळेपुरते शिक्षण पुरते. तेवढे शिक्षण तेथे बहुतेक मुलांस मिळू लागले होते. १९६४ साली देशाची निर्यात प्रथमच दहा कोटी डॉलरांवर गेली तेव्हा त्यांनी तो दिवस राष्ट्रीय दिवस म्हणून साजरा केला. सेऊल शहरातील गुरो येथे औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि खेड्यांतून पंधरा-वीस वर्षांच्या हजारो मुली तेथील कारखान्यांत दाखल झाल्या. त्यांच्या पगारातून मागे राहिलेल्या भावांची शिक्षणे झाली. पुढे ते भाऊ शिकून आले तेव्हा त्यांच्यासाठी पोलाद, जहाजे आणि विजेची उपकरणे यांचे कारखाने उभे राहिलेले होते. येथे क्रम महत्त्वाचा आहे. कमी शिकलेल्यांची कामे आधी आणि जास्त शिकलेल्यांची मागाहून आली. ज्या पिढीस जेवढे शिक्षण, त्या पिढीस तशी जागा मिळत गेली.

फळ असे की, १९६३ साली सुमारे ७५ लाख लोक कामावर होते, ते १९९० साली १ कोटी ८० लाख झाले आणि शेतीतील वाटा शेकडा ६३ वरून १८ वर आला. सुरुवातीस राष्ट्राची बचत अगदीच अल्प होती; ऐंशीच्या दशकाअखेर ती उत्पन्नाच्या तिसऱ्या हिश्शाच्याही वर गेली.

मात्र या भाग्योदयाचे सारे श्रेय तारुण्यास देता येत नाही. ब्लूम आणि विल्यमसन यांनी १९९८ साली पूर्व आशियातील देशांचा हिशेब मांडला. १९६५ ते १९९० या काळात तेथे दरडोई उत्पन्न दरसाल शेकडा सहाच्या आसपास वाढले. त्यांपैकी दीड ते दोन टक्के, म्हणजे चौथाई ते एक तृतीयांश एवढाच वाटा, वयांच्या बदललेल्या वाटणीचा निघतो. आमच्या गावाचा चौथा हिस्साही तीस वर्षांवर पसरला तर वर्षास पाऊण टक्काच भरतो. बाकीची वाढ माणूस शेतातून कारखान्यात गेल्याने आणि त्याच्या हाताखालचे यंत्र सुधारल्याने झाली.

आणि ही वाढ सुखासुखी झाली असेही नाही. दिवसाला चौदा-चौदा तास काम, कोंदट माळे, क्षयाने खोकणाऱ्या मुली, असा तो काळ होता. १९७० सालच्या नोव्हेंबरात चोन तेइल नावाच्या बावीस वर्षांच्या शिंप्याने, कामगार कायदा कागदावरून कारखान्यात आणा अशी मागणी करीत सेऊलच्या बाजारपेठेत स्वतःस जाळून घेतले. कोरियाचा गौरव करणारे पुष्कळ लेखक हे पान उलटून पुढे जातात. आम्हांस ते योग्य वाटत नाही. जागा निर्माण झाल्या. त्या जागी माणसासारखे वागविले जाण्यासाठी निराळा झगडा करावा लागला.

आता दुसऱ्या एका देशाकडे वळू. कारण जेथे मुले कमी झाली, शिक्षण वाढले, कर्त्या वयाची माणसेही वाढली आणि तरीही लाभांश हाती आला नाही, असे उदाहरण पाहिल्यावाचून आमचे म्हणणे अर्धेच राहील. उत्तर आफ्रिकेतील ट्युनिशिया हा तो देश होय. १९५६ साली स्वातंत्र्य मिळताच तेथे बहुपत्नीकत्व बंद करणारा आणि स्त्रियांस घटस्फोटाचा हक्क देणारा कायदा झाला. साठीच्या दशकात कुटुंबनियोजन सुरू झाले. त्या वेळी तेथील स्त्रीस सरासरी सात मुले होत. २००० सालच्या सुमारास ती दोनवर आली. २०१० साली कर्त्या वयाच्या माणसांचे प्रमाण शेकडा ६९ होते, म्हणजे कोरियाचे १९९० साली होते नेमके तेवढेच. घरोघर मुलगे-मुली पदवीधर झाले होते. वयाच्या तक्त्यावर पाहिले तर या दोन देशांत फरक सांगता येऊ नये.

फरक कामाच्या जागांत होता. तेथील शिवणकामाचे कारखाने आणि समुद्रकाठची हॉटेले कमी शिकलेल्यांस थोड्या पगाराची कामे देत. पदवीधराची जागा म्हणजे सरकारी जागा, ही समजूत दोन पिढ्यांची होती. १९८६ नंतर सरकारची तिजोरी आखडली आणि तशी भरती मंदावली; विद्यापीठे मात्र भरतच राहिली. खाजगी धंद्याने ही उणीव भरून काढावी, तर तेथेही वाट अडलेली. राष्ट्राध्यक्ष बेन अली यांच्या गोतावळ्याशी संबंध असलेल्या २२० कंपन्यांकडे देशातील खाजगी धंद्याच्या एकूण नफ्यापैकी शेकडा २१ नफा जात होता आणि उत्पादन मात्र शेकडा तीनच होत होते, असे जागतिक बँकेच्या अभ्यासकांस पुढे २०१४ साली आढळून आले. ज्या धंद्यांत शिरण्यास परवाना लागे तो परवाना घरच्यांच्याच हाती. नवा माणूस धंदा काढणार तरी कसा, आणि धंदा न निघता जागा निघणार तरी कोठून? २०१० साली तेथे पदवीधरांतील बेकारी शेकडा तेवीसच्या आसपास होती, आणि पंचविशीच्या आतल्या तरुणांत ती तिसाजवळ होती.

त्या वर्षाच्या १७ डिसेंबरला सिदी बूझिद या गावी महंमद बूअझीझी या सव्वीस वर्षांच्या फळविक्याची हातगाडी आणि तराजू अधिकाऱ्यांनी जप्त केले. त्याने दाद मागितली, कोणी ऐकून घेतले नाही, तेव्हा त्याने स्वतःस पेटवून घेतले. ४ जानेवारीस तो वारला आणि १४ तारखेस राष्ट्राध्यक्ष देश सोडून पळाले. तो बेकार पदवीधर होता अशी बातमी तेव्हा जगभर पसरली होती; ती खरी नव्हती. त्याने शाळा अर्ध्यावर सोडली होती. आणखी एक गोष्ट आम्हांस त्याहून महत्त्वाची वाटते. हातगाडीवर फळे विकणारा माणूस गणतीच्या कागदावर बेकार नसतो. तो 'स्वयंरोजगारी' असतो. म्हणजे त्या देशाच्या बेकारीच्या आकड्यात त्याचा समावेशच नव्हता.

म्हणून लाभांश मिळतो आहे की नाही हे ओळखावयाचे असेल तर केवळ वयाचा तक्ता पाहून भागत नाही, आणि केवळ बेकारीचा आकडा पाहूनही भागत नाही. शेतातील माणसे बाहेर पडत आहेत काय, पगारी काम करणारे वाढत आहेत काय, शिकलेल्याला शिक्षणाजोगे काम मिळते काय, आणि स्त्रियांच्या नावापुढे काम लिहिले असेल तर त्या कामाचा मोबदला त्यांच्या हाती पडतो काय, हे विचारावे लागते.

आपल्या देशास हेच प्रश्न विचारून पाहू. मुले कमी झाली आहेत यात संशय नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील स्त्रीस सरासरी दोन मुले होतात असे आढळले, आणि महाराष्ट्रात तर १.७. म्हणजे वयाच्या बाजूने आपली तयारी पूर्ण आहे. कामाच्या बाजूने मात्र चित्र निराळे दिसते. सरकारच्याच श्रमबल पाहणीनुसार शेतीवर काम करणारांचा वाटा २०१८-१९ साली शेकडा ४२.५ होता; करोनाच्या टाळेबंदीत लोक गावी परतले तेव्हा तो वाढला, आणि २०२३-२४ साली देखील शेकडा ४६ होता. कोरियात शेते रिकामी होत गेली, येथे ती पुन्हा भरली. कामकरी स्त्रियांचा आकडा या वर्षांत झपाट्याने वर गेला आहे हे खरे, आणि पुष्कळांस त्याचा आनंद झाला. परंतु त्यांतील फार मोठा भाग घरच्याच शेतात वा दुकानात मदत करणाऱ्या आणि स्वतंत्र मोबदला न मिळणाऱ्या स्त्रियांचा आहे. आमच्या गावातील ते ४१ जण आपणांस स्मरत असतील.

शिकलेल्यांचे काय? आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने आणि दिल्लीच्या मानवविकास संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात २०२२ सालचे आकडे आहेत. तरुणांपैकी ज्यांस लिहितावाचता येत नाही त्यांच्यात बेकारी शेकडा ३.४, आणि पदवीधरांत शेकडा २९. ट्युनिशियाच्या आकड्याहून हा कमी नाही, उलट वरचढच आहे. अडाण्यांस काम भरपूर आहे असा याचा अर्थ कोणी करू नये. त्यांस वाट पाहत बसण्याची सोय नाही एवढाच याचा अर्थ. पदवीधराच्या पाठीशी वडिलांचा पगार किंवा आजोबांची दोन एकर जमीन असते, म्हणून तो थांबू शकतो.

हे थांबणे कसे असते ते पुण्याच्या सदाशिव पेठेत जाऊन पाहावे. स्पर्धापरीक्षांच्या अभ्यासिकांत टेबलाला टेबल लावून मुले-मुली पहाटेपासून रात्रीपर्यंत बसलेली असतात. २०२४ सालच्या महाराष्ट्र पोलीस भरतीत सुमारे साडेसतरा हजार जागा होत्या आणि अर्ज आले सतरा लाखांहून अधिक. आळसाचा आरोप या मुलांवर करणारे आमच्या पिढीत पुष्कळ आहेत. सोळा सोळा तास अभ्यास करणाऱ्यास आळशी म्हणावयाचे तर भाषेचाच अर्थ बदलावा लागेल. शंभरांतील एकाला जागा मिळते, आणि उरलेल्या नव्याण्णवांनी दुप्पट अभ्यास केला तरी जागा तेवढ्याच राहतात. बाविसाव्या वर्षी पदवी घेतलेला मुलगा बत्तिसाव्या वर्षी हा नाद सोडतो असे धरले, तर साठीपर्यंतच्या अडतीस कमावत्या वर्षांपैकी दहा गेली. देशाच्या तक्त्यात ही दहाही वर्षे कर्त्या वयाची म्हणून लाभाच्या बाजूस मांडलेली असतात.

आणि हा काळ अमर्याद नाही. ज्या कोरियाने एवढे साधले तेथे आता स्त्रीमागे एक मूलही होत नाही. २०२३ साली ते प्रमाण ०.७२ वर आले. २०२४ च्या अखेरीस तेथील दर पाच माणसांत एक पासष्टीपुढचे झाले. काल जे हात कमावत होते तेच आज वृद्ध म्हणून पोसावयाचे आहेत. पण मधल्या काळात त्यांनी साठवून ठेवले आहे. महाराष्ट्रातील शाळांच्या पटावर मुले कमी होऊ लागली आहेत हे आपल्यातील शिक्षकमंडळी आम्हांहून चांगले जाणतात. आज अभ्यासिकेत बसलेली पिढी ही बहुधा आपल्याकडील सर्वांत मोठी पिढी आहे, आणि तिच्या मागून येणारी तिच्याहून लहान असेल.

शेवटी एक सूचना करून आम्ही आपली रजा घेतो. आपल्या संस्थेच्या परिचयपुस्तिकेत प्रत्येक कुटुंबातील व्यक्तीचे नाव, वय, शिक्षण आणि व्यवसाय एवढेच रकाने असतात, आणि व्यवसायाच्या रकान्यात कित्येकदा 'शेती' किंवा 'शिक्षण चालू' असे लिहून वेळ मारून नेलेली असते. पुढील आवृत्तीत तीन रकाने वाढवावेत: शिक्षण कोणत्या साली संपले, पहिला पगार किंवा पहिली स्वतंत्र मिळकत कोणत्या साली झाली, आणि चालू कामाचा मोबदला त्या व्यक्तीच्या स्वतःच्या हाती येतो की नाही. हे रकाने मुलींच्या आणि सुनांच्या नावांपुढेही भरावेत. पहिल्या दोन सालांमधील अंतर काढण्यास गणिताचे ज्ञान फारसे लागत नाही. कार्यकारी मंडळाने मान्यता दिल्यास ते काम आम्ही स्वतः अंगावर घेण्यास तयार आहोत.